‘ला’ची लाच

मैसूरच्या मराठी मंडळासाठी मी प्रेमगीत लिहिलं: ‘चंद्र आला, सूर्य बुडाला, जीव वेडा झाला.’ इथल्याच लष्कर मोहल्ल्यात जन्मलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, “दर वेळी ‘ला’च? लाच खाल्ली काय रे तुझ्या गाण्यानं?”

मी भडकलो, पण काकू खोटं बोलत नव्हत्या. मराठीत क्रियापद शेवटी बसतं आणि यमक फुकटात देतं. मग मी क्रियापद पुढे ओढलं, शेवटी नाम बसवलं: ‘जिंकला तिनं माझा किल्ला.’ आता किल्ल्याला जोड मिळेना. नाक मुठीत धरून काकूंना विचारलं, “तुम्हाला काही सुचतंय?”

“इल्ला,” काकू कानडीत नाही म्हणाल्या.

मी तेच उचललं: ‘परत मागता म्हणाली, इल्ला!’

कार्यक्रमात टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून काकू ओरडल्या, “अरे, शेवटी ‘ला’च की!”