बत्तीस

पुण्याच्या मृणालिनी खरे आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सहा वर्षं राहिल्या, आणि त्यांनी कधी मोठ्याने दार लावल्याचं मला आठवत नाही. बाई मुळातच हळू. शारजातल्या अल मजाज भागात आमच्या मजल्यावरच्या सगळ्या मुलांच्या वाढदिवसांचे केक त्यांच्या हातचे, पण कापताना त्या सगळ्यांच्या मागे उभ्या असत. मला या स्वभावाचा राग यायचा. मी मनी एक्स्चेंजच्या काउंटरवर बसणारी, दिवसभर दिरहमचे रुपये करून देणारी. मागे उभं राहून आमचं पोट भरत नाही.

दोन हजार नऊ साल निम्मं सरेस्तोवर मंदीने आमच्या इमारतीतली निम्मी मराठी घरं रिकामी झाली होती. मृणालिनीताईंचं जास्त विचित्र झालं. त्यांचे यजमान निनाद दुबईत एका अर्धवट टॉवरचे साइट इंजिनियर. काम थांबलं, माणसं गेली, आणि टॉवर राखायला कंपनीने एकट्या निनादना ठेवलं. हँडओव्हर होईपर्यंत, म्हणजे टॉवर मालकाच्या ताब्यात जाईपर्यंत, त्यांचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत राहील, असं सांगितलं. हँडओव्हर घ्यायला समोर कोणी उरलंच नव्हतं. वर पगार इतका कापला की बायकोचा व्हिसा काढायला लागणाऱ्या किमान पगाराच्या खाली गेला. ताईंचा व्हिसा नोव्हेंबरअखेर संपत होता. निनादना जाता येत नव्हतं आणि ताईंना राहता येत नव्हतं. निनादना रक्तदाब होता, आणि त्या रिकाम्या टॉवरवर ते एकटे काय करून घेतील या भीतीने ताईंची झोप उडाली होती.

एकच वाट होती. दुबईतल्या देऱ्यात शहनाझ नावाच्या हैदराबादी बाईंचं छोटं कॅफे होतं आणि त्यांच्याकडे नोकरीचा एक व्हिसा शिल्लक होता. केक करणारी बाई हवी होती. शहनाझबाजींची बहीण अमेरिकेत, तिने रेसिपी पाठवलेला चीजकेक त्यांना कॅफेत ठेवायचा होता. गुरुवारी करून दाखवायचा, जमला तर व्हिसा.

बुधवारी संध्याकाळी ताई माझ्याकडे कागद घेऊन आल्या. रेसिपीत लिहिलं होतं, ओव्हन ३२५ फॅरनहाइट. कॅफेतला ओव्हन जुना, गॅसचा, देश सोडून जाणाऱ्या एका इंग्रज कुटुंबाकडून घेतलेला. त्याच्या बटणावर अंश नाहीतच, नुसते एक ते नऊ आकडे. ओव्हनच्या पुस्तिकेत त्या आकड्यांसमोर सेल्सिअस दिलं होतं, ते ताईंनी उतरवून आणलं होतं: दोनला १५०, तीनला १६०, चारला १८०.

"तुमचं रोजचंच काम आहे ना हे, मुग्धा?" त्या म्हणाल्या.

रोजचंच म्हटल्यावर मी फुगले. शाळेतलं पाच छेद नऊ मला पक्कं आठवत होतं. ३२५ गुणिले पाच, भागिले नऊ: एकशे ऐंशी आणि वर थोडंसं. तक्त्यात १८० समोर चार. शिवाय केक म्हणजे १८० हे आपल्याकडे कोणाला माहीत नाही? उत्तर इतकं नीटनेटकं निघालं की ताळा करायची मला गरजच वाटली नाही. चार नंबर, असं मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खाली रेघही मारली.

गुरुवारी ताई रात्रीच्या बसने परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहूनच मी समजले. चीजकेक वर फुगला, कडेने तपकिरी झाला आणि थंड होता होता मधोमध फाटला. मधलं मऊ राहायचं तिथे रवाळ झालं. ताईंनी भीत भीत म्हटलं की ओव्हन जास्त तापतोय बहुतेक. शहनाझबाजी म्हणाल्या की त्यांची नान खटाई त्याच ओव्हनमध्ये रोज ठीक होते. नाचता येईना अंगण वाकडं, एवढाच त्याचा अर्थ. शनिवारी आणखी एकदा करा, मग खलास, असं त्यांनी सांगितलं.

ताईंनी मला एका शब्दाने विचारलं नाही की तुमचा आकडा बरोबर होता ना. त्या स्वतःच्या हाताला दोष देत बसल्या. अंडी जास्त घोटली, चीज फार गार होतं, साचा उथळ होता. मी शहाणीसारखी मान डोलावत होते आणि वर म्हणाले, "ताई, तुम्ही घाबरता ना, म्हणून होतं असं." हे वाक्य मला आजही खातं.

शुक्रवारी सुट्टी. माझी आठवीतली अवनी जेवणाच्या टेबलावर अभ्यास करत होती आणि तो कागद तिथेच पडला होता. तिने तो पाहिला, माझं गणित पाहिलं आणि मान वर न करता म्हणाली, "मम्मा, यू फरगॉट थर्टी-टू."

मी तिला म्हटलं, अगं, पाच छेद नऊच आहे. ती म्हणाली, आधी बत्तीस वजा करायचे, मग पाच छेद नऊ. मला पटेना. तेव्हा तिने कागदाच्या कोपऱ्यात करून दाखवलं. पाणी फॅरनहाइटमध्ये २१२ ला उकळतं. माझ्या रीतीने त्याचे ११८ होतात. बत्तीस वजा केले तर १८० उरतात, त्याचे पाच छेद नऊ बरोबर शंभर.

"इट्स नॉट लाइक दिरहम्स, मम्मा," ती म्हणाली. "झीरो दिरहम इज झीरो रुपीज. हिअर झीरो इज नॉट झीरो."

अकरा वर्षं मी एकच गोष्ट करत आले, गुणायचं आणि द्यायचं. शून्याचे शून्य होतात हे इतकं अंगवळणी पडलं होतं की दोन मापं वेगवेगळ्या जागेपासून सुरू होत असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ३२५ वजा ३२, म्हणजे २९३. त्याचे पाच छेद नऊ, १६३. तक्त्यात तीन.

समोरच्या दारापर्यंत चार पावलं होती. ती मला फार जड गेली. ताई पुन्हा चीज घोटत होत्या, निनाद सुट्टी म्हणून घरी होते आणि खिडकीशी बसून बाहेर बघत होते. मी कागद पुढे केला आणि सांगितलं की हात तुमचा नाही, आकडा माझा चुकला. मला शिव्या हव्या होत्या. ताईंनी कागद वाचला, भांडं खाली ठेवलं आणि पदराने डोळे पुसले.

"म्हणजे मला येतं," त्या म्हणाल्या.

शनिवारी मीही सोबत गेले. अर्धा तास आधी तीनवर पेटवून ओव्हन नीट तापू दिला. चीजकेक कडेने घट्ट झाला, मधे किंचित हलत होता, तेव्हा ताईंनी गॅस बंद केला आणि दार थोडं उघडं ठेवून आतच गार होऊ दिला. वर एक रेघ नाही. सुरी अलगद खाली गेली. शहनाझबाजींनी दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाल्या, "मुबारक हो, मृणालिनी. कल से आ जाओ."

मी ताईंचा हात दाबला. माझ्या चुकीने मोडलेलं घर सांधलं गेलं होतं, आणि मला खरंच हलकं वाटलं.

मग शहनाझबाजींनी काउंटरखालचा खण उघडला आणि व्हिसाच्या कामाला म्हणून पासपोर्ट मागितला. तो परत कधी मिळेल, असं मी विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "यहीं सेफ रहेगा, इन्शाल्ला. जब तक काम करेंगी." आवाजात काही वाईट नव्हतं. इथली रीतच तशी.

ताईंनी पर्स उघडली. मी त्यांच्याकडे पाहत होते, त्यांनी एकदा तरी थांबावं म्हणून. त्या थांबल्या नाहीत. पासपोर्ट खणात गेला आणि खणाला कुलूप लागलं.

आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. शारजाची हद्द आली तेव्हा ताई हळूच म्हणाल्या, "आता माझाही कुलपात आहे. निनादना एकटं वाटणार नाही."