डाव्या बाजूची गाठ

माझं अक्षर तिरकं आहे आणि ते शेवटपर्यंत तिरकंच राहणार. पुष्कळांनी ते सरळ करायचा प्रयत्न करून पाहिला. त्यातल्या एकाने तर त्यापायी मला जवळजवळ घरी बसवलं होतं.

हे अक्षर मला आमच्या गावच्या गुरुजींकडून आलं. आमचं गाव कळव्याच्या पलीकडे खाडीला लागून. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात मीठ, हा गावाचा धंदा. गुरुजी जुन्या वळणाचे, आयुष्यभर मोडी लिहिलेले. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढून घेतो आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं टांगत जातो. गुरुजींना पुढे बाळबोध, म्हणजे आजची देवनागरी, शिकवावी लागली, पण हात मोडीचाच राहिला. त्यांचं बाळबोध अक्षरसुद्धा उजवीकडे कललेलं आणि पळतं असायचं. मला ते फार आवडायचं. मी ते हुबेहूब उचललं, आणि वेगात त्यांच्याही पुढे गेले.

घरी कागदाची चैन नव्हती. वाण्याकडून आलेले पातळ कागद मी सपाट करून ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी लिहायची. पाठीमागे लिहिताना पुढच्या शाईचे ठिपके मध्ये यायचे. टाक एकाच जागेवरून दोनदा फिरला की शाई तिथे साचते आणि पलीकडे उमटते. सगळ्यात जास्त ठिपके ळचे असायचे. ळ लिहिताना डावीकडे गाठ मारावी लागते आणि तिथे टाक परत त्याच जागी येतो. मला त्या ठिपक्यांचा राग यायचा, कारण त्यांच्यावर लिहिलेलं नीट दिसायचं नाही. आई म्हणायची, "कागदाला देवी आल्यान काय गो?"

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या बोलीत ळ नाही. डोळ्याला आम्ही डोला म्हणतो, शाळेला शाला. आई, बाबा, आजूबाजूचं सगळं गाव असंच बोलायचं, आणि मीही. गुरुजी ळ म्हणायचे, तो मला ऐकू यायचा, कुठल्या शब्दात येतो ते पाठ झालं होतं आणि लिहिताना हात आपोआप तिकडे वळायचा. जीभ मात्र कधी वळली नाही. तिला त्याची गरजच पडली नव्हती.

सातवीची फायनल परीक्षा मी पास झाले, तेव्हा स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. गावोगाव शाळा निघत होत्या आणि शिकवायला बायका मिळत नव्हत्या. ठाण्याला मास्तरणी तयार करण्याचा एक वर्ग होता. तिथे निवड व्हायची श्रुतलेखनावर आणि तोंडी परीक्षेवर. बाबांनी मला जाऊ दिलं, पण आधीच सांगून ठेवलं.

"यंदा नाय घेतली तर बस झाला. चैतात लगीन करून टाकू."

बाबा वाईट नव्हते. मुलीला एक संधी देणारा बाप तेव्हा आमच्या गावात दुसरा नव्हता. पण एक म्हणजे एकच, हे मला ठाऊक होतं. मला मास्तरीण व्हायचं होतं. लग्नाचा मला तिटकारा नव्हता. मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालणाऱ्या आईच्या पायांना पडलेल्या चिरा मी रोज बघत होते, आणि मला ते पाय नको होते.

श्रुतलेखन एका मास्तरांनी घातलं. धोतर, काळा कोट, हातात घड्याळ. भरभर सांगत होते. बाकीच्या मुली "गुरुजी, पुन्हा," म्हणत होत्या. मी मात्र त्यांच्या पुढे होते. मनातून जरा फुशारलेच होते, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षेला बोलवायच्या मुलींची नावं दारावर लागली. त्यात मी नव्हते.

माझ्या नाकावर राग कायमचा. रडायचं सोडून मी सरळ आत गेले. टेबलाशी ते मास्तर बसले होते आणि त्यांच्या शेजारी वर्गाचे मुख्याध्यापक, पांढऱ्या मिशांचे, चष्मा कपाळावर चढवलेले. मी विचारलं, "माझं काय चुकलं?"

मास्तरांनी गठ्ठ्यातून माझा कागद काढून पुढे टाकला. त्यावर लाल शाईचा नुसता सडा पडला होता. सकाळी, तळ्याच्या, कमळे, जवळच्या, देवळात, प्रत्येक ळखाली रेघ.

"सगळीकडे ल लिहिला आहेस," मास्तर म्हणाले. "एके ठिकाणी तर क. कमके! याला काय म्हणायचं?"

"ते ल नाहीत," मी म्हणाले.

"कुठली तू?"

मी गाव सांगितलं. ते मुख्याध्यापकांकडे वळून हसले. "मी म्हटलंच होतं. या लोकांत ळ नसतोच. जो तोंडात नाही तो हातात कुठून येणार? उद्या ही पोरांना शाला शिकवेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अक्षर बघायच्या आधीच त्यांनी गाव बघून घेतलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी कागद पाहून मीसुद्धा चरकले. माझा ळ खरंच लसारखा दिसत होता.

त्या वेळी आम्ही ल लिहायचो तो पाकळ्यांचा. वरून मधोमध आखूड देठ आणि दोन्ही बाजूंना दोन पाकळ्या, खालून उघड्या. ळलाही तसाच देठ, फक्त पाकळ्यांच्या जागी दोन बंद गाठी. सावकाश लिहिलं तर एखादं पोरही ओळखेल. पण हात तिरका पळायला लागला की माझ्या ळची उजवी गाठ बंद व्हायच्या आतच मी पुढच्या अक्षरावर गेलेली असायची. उजवीकडे उघडं तोंड राहायचं. माणूस वाचताना अक्षराचा शेवट बघतो, आणि शेवट बघितला तर तो ल. त्यातून देठ जरासा खाली घसरला तर क. कमळेमध्ये तेच झालं होतं.

मुख्याध्यापकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मग ळ आहे हे कसं ओळखायचं? तू म्हणतेस म्हणून?"

मला आईचं बोलणं आठवलं. देवी आलेला कागद.

"कागद उलटा करून बघा," मी म्हणाले.

मास्तर म्हणाले, "काय खेळ आहे?" पण मुख्याध्यापकांनी कागद उलटा केला आणि खिडकीकडे धरला. पाठीमागे जागोजाग निळे ठिपके उमटले होते.

"डाव्या गाठीचे आहेत," मी भराभर सांगू लागले. "याला डावीकडे गाठ असते, तिथं टाक परत येतो. लची डावी बाजू उघडी, तिथं टाक परत येत नाही. तुम्ही उजवीकडे बघू नका, डावीकडे बघा."

"कलाही डावीकडे पोट बंद असतं," मास्तर लगेच म्हणाले. "तिथेही ठिपका येईल."

"येतो. पण कचा देठ पार खालपर्यंत जातो, त्याला पाय असतो. या अक्षराचा गाठीशी थांबलाय."

मुख्याध्यापकांनी कागद पुन्हा सुलटा केला आणि नाकाशी नेऊन त्या कमळेवर बराच वेळ थांबले. देठ घसरला होता, पण गाठीच्या थोडा खालीच, तळाला टेकला नव्हता. मग त्यांनी कागद उलटा केला, माझ्यापासून लांब धरला आणि म्हणाले, "घातलेला उतारा आठवतो? म्हणून दाखव."

झालं! मला वाटलं, मेले. उतारा पाठच होता, पण तोंड माझंच. मी गुरुजींसारखं बोलायचा प्रयत्न केला आणि जीभ टाळ्याकडे नेता नेता अडखळले. मग रागच आला. म्हटलं, जे आहे ते आहे. आमच्या घरात बोलतात तसंच घडाघडा म्हणून टाकलं.

"सकाली तल्याच्या काठावर कमले उमलली होती. जवलच्या देवलात मुले लाल फुले घेऊन..."

मास्तर मध्येच बोलले, "ऐकलंत? हेच तर मी म्हणत होतो."

मुख्याध्यापकांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. त्यांचं बोट कागदाच्या पाठीवरून चाललं होतं. "पुन्हा, सावकाश," ते मला म्हणाले. मी एकेक शब्द म्हणत गेले. सकाली म्हटलं की त्यांचं बोट एका ठिपक्यावर. तल्याच्या म्हटलं, दुसरा. उमलली म्हटल्यावर त्यांनी कागद पुन्हा पुढून बघितला आणि मान हलवली. त्या दोन्ही ल अक्षरांच्या मागे काही नव्हतं. लाल, फुले, तिथेही कागद कोरा.

उतारा संपल्यावर त्यांनी कागद मास्तरांपुढे ठेवला.

"सगळीकडे ल म्हणते आणि हवा तिथेच ळ लिहिते," ते म्हणाले. "तोंडाचं हातात आलं असतं, तर इथे एकही ठिपका नसता."

मास्तरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. ते खोटे नव्हते, एवढं मी म्हणेन. लाल टाक घेऊन त्यांनी स्वतःच्या रेघा एकेक करून खोडल्या. कमळेपाशी मात्र थांबले आणि तिथली रेघ ठेवली. "ही अर्धी चूक. उजवी गाठ बंद करायला कोणी बंदी केली नव्हती." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "अक्षर सरळ काढायला शीक. आणि तोंडात ळ केव्हा येणार?"

राग अजून उतरला नव्हता. मी म्हणाले, "वर्गात येईल. घरी नाही."

मुख्याध्यापक मिशीतल्या मिशीत हसले, "हिची तोंडी परीक्षा इथेच झाली, वर्गात घेतली," म्हणाले आणि दारावरच्या यादीत खाली माझं नाव लिहायला शिपायाला सांगितलं.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून मी अक्षरशः धावत सुटले. घरी पोचले तेव्हा आई मिठागरावरून नुकतीच आली होती, पाय धूत होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"काय झाला गो बाय? घेतली?"

"घेतली. शालेत शिकवनार मी."

आई उठलीच नाही. ओल्या पायांनी तशीच बसून राहिली आणि पदर डोळ्यांना लावला. बाबा बाहेर ओट्यावर होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार, कारण चैत्र आला आणि गेला तरी लग्नाचं नाव काढलं नाही.

वर्गात ळ आला. सहा महिने टाळ्याला जीभ लावून लावून आणला, आणि पुढे कल्याण-डोंबिवलीकडच्या शाळांतून शेकडो पोरांच्या तोंडी घातला. डोला म्हणणाऱ्या पोराला मी कधी हसले नाही. त्याची वही घ्यायची आणि आधी अक्षराची डावी बाजू बघायची, ही माझी रीत होती. अक्षर मात्र तिरकंच ठेवलं. मास्तरांचा एक सल्ला ऐकला, उजवी गाठ बंद करायला लागले.

घरी ळ नेला नाही. आई म्हातारी झाली, दिसेनासं झालं, तेव्हा मी तिच्या डोळ्यांत औषध घालायला बसायची. म्हणायची, "डोला उघड, आये." ती उघडायची. ती गेली त्या दिवसापर्यंत आमच्यात डोलाच होता.