हळदीच्या दोरीची रेघ

आमच्या बाबांची हिंगोलीच्या मोंढ्यात अडत आहे. शेतकऱ्यांची हळद ते बिटात, म्हणजे लिलावात, विकून देतात आणि थोडी स्वतःचीही घेऊन ठेवतात. घर दुकानाच्या मागेच. मधल्या खोलीच्या भिंतीवर बाबांचा आलेख आहे. चौकटीचे कागद एकाला एक चिकटवून केलेला हा आलेख माझ्या लहान बहिणीपेक्षा लाडका, असं आई म्हणते. बहिणीला ते पटतं, हीच गंमत.

आलेखाचा नियम सोपा. आडवा एक चौकोन म्हणजे एक आठवडा, उभा एक चौकोन म्हणजे क्विंटलमागे शंभर रुपये. भाव जिथे सगळ्यात खोल पडला, तो तळ. त्या तळातून पंख्याच्या पात्यांसारख्या रेघा वर निघतात. मधली मुख्य रेघ आठवड्याला एक चौकोन चढते, म्हणजे बरोबर पंचेचाळीस अंशांत. तिच्या वर दुप्पट चढाची, खाली निम्म्या चढाची, आणखीही दोनचार. भाव मुख्य रेघेच्या वर असेल तोवर तेजी जिवंत. भाव तिच्याखाली गेला की रेघ तुटली, मग तो खालच्या रेघेवर येऊन टेकणार. किंमत आणि काळ मुख्य रेघेवर समतोल होतात, असं बाबा इतक्या गंभीरपणे सांगतात की ऐकणाऱ्यानं चहाचा कप खाली ठेवावा.

एवढी लांब पट्टी कुठून आणायची? म्हणून सुतारासारखी दोरी. दोरीला हळद चोळायची, तळाशी आईनं टोक धरायचं, वर बाबांनी, आणि मधून टिचकी मारायची. पिवळी रेघ उमटते. मग बाबा पेननं ती पक्की करतात.

मी कॉलेजात गणित शिकवते. तेव्हा आमचं भांडण ठरलेलंच. एकदा मी बाबांना मोठा फोन आणून दिला, म्हटलं भाव त्यावर बघा. त्यांनी नातवाच्या कंपासपेटीतला गुण्या स्क्रीनवर ठेवला आणि पंचेचाळिसाची रेघ ओढली. मी शेजारून दोन बोटांनी चित्र जरा रुंद केलं. भाव पसरला, चढ मंदावला, आणि मघाशी रेघेच्या वर असलेली हळद गुण्याच्या खाली गेली.

"हात नको लावू!" बाबा ओरडले. "तेजी मोडलीस ना."

"तेजी दोन बोटांनी मोडत असेल तर तिच्यात दम काय?"

"म्हणून तर मी कागद वापरतो. कागद ताणत न्हाई."

"पण शंभरच रुपये काहून? दीडशेला एक चौकोन धरला तर हीच रेघ भलतीकडे जाईल. रुपये आणि आठवडे, यांना एका मापानं मोजायचं कुणी ठरवलं?"

बाबांनी आलेखाच्या वर टांगलेल्या कॅलेंडरकडे बघितलं. मग खरं सांगितलं, कारण माणूस सरळ आहे. पन्नासाचं माप धरलं असतं तर कागद देवाच्या कॅलेंडरवर चढला असता. निसर्गाचा समतोल म्हणतात तो आमच्या घरी कॅलेंडरच्या खिळ्यानं ठरवला होता. मी हसत सुटले, आणि बाबा चप्पल घालून दुकानात निघून गेले.

हसण्यावारी नेण्यासारखं एकच नव्हतं, ते म्हणजे आईचा गुडघा. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, सांधा बदलावा लागेल, उशीर करू नका. बाबा नको म्हणत नव्हते. ते म्हणायचे, "मुख्य रेघ तुटू दे. तुटली की दुसऱ्या दिवशी हळद काढतो, दुकान तुझ्या काकावर सोडतो, अन् निघूच." माल पडून असताना त्यांचा पाय मोंढ्यातून निघत नसे. आणि रेघ काही तुटेना. भाव खाली यायचा, रेघेला टेकायचा, पुन्हा उचलायचा. "बघ, कशी धरून राहिली!" बाबा मला डिवचायचे. आई भिंतीला धरून स्वयंपाकघरात जायची. मला त्या रेघेचा मनापासून राग यायचा.

एका रविवारी उजवीकडे नवा कागद जोडला. रेघा पुढं न्यायच्या होत्या. आई उठायला लागली, तशी मी म्हटलं, तू बस, मी धरते.

आलेखाचा खालचा कोपरा जमिनीलगत, त्याच्यापुढे नमुन्याच्या हळदीच्या पिशव्यांची थप्पी. मी पिशव्या सरकवल्या आणि उकिडवी बसले. सगळ्यात खोल तळ तिथं स्वच्छ दिसत होता. त्याच्यावर एकही रेघ नव्हती. सगळ्या रेघा वीतभर वरच्या, नंतरच्या एका खळग्यातून निघाल्या होत्या, आणि तिथं आईच्या अंगठ्याचा पिवळा डाग होता.

"बाबा, इकडं या."

बाबा वाकले. आधी तळावर बोट ठेवलं, मग डागावर.

पहिल्या कागदावर वरचं टोक त्यांनी खऱ्या तळापासून चौकोन मोजून धरलं होतं. खालचं टोक मात्र आईनं वीतभर वर धरलं होतं. म्हणजे रेघ पंचेचाळीस अंशांपेक्षा आडवी झाली, चढ कमी पडला, आणि पुढच्या कागदांवर तीच वाढवत नेली. मी दोरीला हळद चोळली, टोक खऱ्या तळावर धरलं, बाबांनी वर चौकोन मोजले. टिचकी मारली. खरी रेघ भावाच्या वरून गेली. बाबांच्याच नियमानं तेजी केव्हाच तुटली होती, आणि नांदेडची गाडी केव्हाच चुकली होती.

"पण मग भाव टेकून राहिला तो कशाला?" बाबा जवळजवळ केविलवाणे झाले. "चुकीच्या रेघेला?"

याच प्रश्नावर जाणते लोक भांडतात. पंख्याला इतकी पाती असतात की भाव कुठंही थबकला तरी एखादं पातं जवळ सापडतंच. टेकला तेवढा लक्षात राहतो, ओलांडून गेला तो विसरतो. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण बाबा आता माझ्याकडे बघत नव्हते.

"तू टोक वर काहून धरलंस?" त्यांनी आईला विचारलं.

"खाली बसवत न्हाई मला. गुडघा वाकत न्हाई."

"तेव्हापासून? मग सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं की. तुमी रेघ बघून राहिले होते."

बाबा तिथंच पिशव्यांवर बसले. आईला हसू आलं, मग तिचे डोळे भरले, आणि मला कुणाला समजवावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी हळद बिटात गेली. बाबा बोली बघायलाही थांबले नाहीत. पुढं हळद आधी पडली, मग चढली. दोन्ही वेळा मोंढ्यात कुणाची तरी रेघ खरी ठरली.

नांदेडला सांधा बदलल्यावर आईचा गुडघा रोज मापानं मोजायचे, आज किती अंश वाकला म्हणून. बाबा ते आकडे फोनवर मला कळवायचे. नव्वद झाले त्या दिवशी त्यांचा आवाज असा होता की मला वाटलं हळदीचा उच्चांक झाला.

आलेख अजून आहे. बाबा सुधारले, असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. फक्त घरी आल्यावर त्यांनी सगळे कागद काढले आणि कॅलेंडर दुसऱ्या भिंतीवर नेलं. आलेख दोन हात वर चढवला. आता त्याचा तळ आईच्या कमरेशी येतो. उभ्यानं टोक धरता येतं.

"बराबर तळावर धरलंस ना?" बाबा परवा वरून विचारत होते.

"धरलंय," आई म्हणाली. "आता खाली बघून विचारा."

बाबांनी खाली बघितलं, आधी गुडघ्याकडं.