गॅस, सोले आणि विकलेली म्हैस

आर्णीत माझं बियाण्याचं दुकान आहे. सोयाबीनवर मी गिऱ्हाइकाशी तासभर बोलतो, पण स्वतःच्या पोटाबद्दल बायकोशीही बोलवेना. मागच्या हिवाळ्यात मला दिवसभर गॅस सुटू लागला. आतडं सडलं, दुसरं काय, असं माझं मीच ठरवून टाकलं. एवढा शहाणा मी.

कंबर धरल्याचं सांगून खाट बाहेरच्या खोलीत नेली. सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, खाणं बंद केलं. बायको उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलायची, सोले-वांग्याची भाजी करायची आणि मी वाटी सरकवायचो. वर स्वतःचे इलाज: जेवणानंतर सोड्याची बाटली, रात्री मोठा गिलास दूध. गॅस आणखी वाढला.

एका दुपारी ती वाटीकडे बघत म्हणाली, "माझ्या हातचं आता नको झालं काय तुमाले?" मग सगळं सांगावंच लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॅन्सरचा शब्द काढला तशी दुसऱ्याच दिवशी ती मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी पोट दाबून पाहिलं. दुखतं का, वजन उतरलं का, संडासात रक्त पडतं का, असं विचारलं. यातलं काहीच नव्हतं. मी जेवतो कसा, याचं उत्तर बायकोनं दिलं: गिळतात, दुकान उघडं टाकून आलेले असतात.

बाई हसल्या. म्हणाल्या, घाईनं जेवलं की घासासोबत हवा पोटात जाते. आणि तूर, वाल, कांदा यांतलं जे लहान आतड्यात पचत नाही, ते मोठ्या आतड्यातले जंतू खातात आणि गॅस करतात. कोणी काय खाल्लं, किती हवा गिळली, कोणाच्या पोटात कसले जंतू आहेत, त्यावर कमीजास्त. काहींना या वयात दूध पचत नाही, तेही जंतूंच्याच वाट्याला जातं. सोड्यात तर गॅसच भरलेला. दिवसातून दहा-वीस वेळा सुटणं म्हणजे आजार नाही, सगळ्यांनाच सुटतो.

मी पैज मारल्यासारखं म्हटलं, "आमच्या घरातल्या बाईले तर कधीच नाही."

बायकोनं पदर सावरला. मग खाली बघत म्हणाली, "मी म्हैस पाह्यले जातो नं."

म्हैस विकून कितीतरी वर्षं झाली. तरी जेवण झालं की ही शाल गुंडाळून मागच्या अंगणात जायची. भर थंडीतसुद्धा. रिकाम्या गोठ्याकडे बघून हिला गहिवरून येत असेल, असं मी समजायचो. पाहुण्यांत तिच्या मायेचं कौतुकही करायचो. मला हसू आलं आणि लाजही वाटली.

त्या संध्याकाळी खाट आत आणली. सोले सावकाश चावून खाल्ले. जेवण झालं तशी ती सवयीनं शाल घेऊन उठली.

"म्हैस विकली आपण," मी म्हटलं.

ती दारात थांबली. मग शाल खुंटीला अडकवली आणि माझ्याजवळ येऊन बसली.