माझं, शहाण्णव

एव्हान्थियाच्या हिशेबात चूक काढणारं माणूस व्होलोस शहरात अजून जन्माला यायचं होतं. फरशांच्या गोदामात तिने एकतीस वर्षं जमाखर्च सांभाळला. निवृत्त झाल्यावर ओळखीच्या बायकांचे आयकराचे कागदही तीच भरून द्यायची, फुकट. कुणी संत्र्याचा मुरंबा आणून दिला तर ठेवून घ्यायची आणि वर "साखर जरा जास्त पडलीय" म्हणून ऐकवायची. नाकावर माशी बसू द्यायची नाही.

म्हणून एप्रिल सरत आला तरी पोलिक्सेनीची निळी फाइल आली नाही, तेव्हा तिला आधी रागच आला. पोलिक्सेनी तिची शाळेपासूनची मैत्रीण. नवरा गेल्यापासून दर वर्षी पहिली फाइल तिचीच यायची, कागद इस्त्री केल्यासारखे लावलेले. एव्हान्थियाने दोनदा फोन केला. उचलला नाही. मग ती तडक लुकियाच्या घरी गेली.

"तुला माहीत नाही?" लुकिया म्हणाली. "आमच्या गुरुवारच्या कॉफीलाही ती येत नाही. गुडघा दुखतो म्हणते. सहलीहून आलो त्याच्यानंतर एकदाही नाही."

"गुडघा दुखणाऱ्या बाईला मी परवा बाजारात चढ चढताना पाहिलं."

"मग तूच समज."

सहल म्हणजे ऑक्टोबरातली, तळ्याकाठच्या योआनिना गावाची. लुकिया, स्तामाता, दोरोथेआ आणि पोलिक्सेनी, चौघी लुकियाच्या गाडीतून तीन दिवस जाऊन आल्या होत्या. एव्हान्थियाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, ती घरी राहिली. परत आल्यावर चौघींचा हिशेब काही जुळेना. शेवटी लुकियाने ग्रुपवरच्या बोलण्याचा स्क्रीनशॉट काढून तिला पाठवला आणि ग्रुपमध्येही घेतलं. "बाई, तूच बघ. आमची डोकी चालत नाहीत."

त्या चित्रात चार ओळी होत्या. सगळ्यात वर पोलिक्सेनीची: "तळ्याकाठचं जेवण माझं. ९६." खाली स्तामाता: "हॉटेल मी भरलं, २४०." मग लुकिया: "पेट्रोल, टोल ८४." आणि दोरोथेआ: "बेटावर जायची बोट २०. माझ्याकडे किती निघतात ते सांगा!"

एव्हान्थियाने कागद ओढला. चारशे चाळीस भागिले चार, एकेकीचे एकशे दहा युरो. असं धरलं तर स्तामाताला एकशे तीस मिळायचे. दोरोथेआने नव्वद द्यायचे, लुकियाने सव्वीस, पोलिक्सेनीने चौदा. बेरीज जुळली. पण तिची पेन्सिल "माझं" या शब्दावर अडली. त्यांच्या भागात हॉटेलचं बिल आलं की हात पुढे करून "माझं" म्हणणारी बाई सगळ्यांना जेवू घालत असते. जेवण तिच्याकडून, त्यात कुणी वाटणी मागत नाही. मग एव्हान्थियाने शहाण्णव वगळून पाहिले. उरले तीनशे चव्वेचाळीस, एकेकीचे शहाऐंशी. आता स्तामाताला एकशे चोपन्न यायचे. लुकियाने दोन द्यायचे, दोरोथेआने सहासष्ट, पोलिक्सेनीने शहाऐंशी. याचीही बेरीज जुळली. आकडे दोन्हीकडे सारखेच सरळ उभे, खरं कुठलं ते सांगणार कोण?

एक फोन केला असता तर संपलं असतं. पण "तू खरंच जेवू घातलंस का गं?" असं कुणी कुणाला विचारत नाही, तो अपमान असतो. आणि खरं सांगायचं तर एव्हान्थियाला विचारायची सवयच नव्हती. तिने ग्रुपवर लिहून टाकलं: "तळ्याकाठचं जेवण पोलिक्सेनीकडून! शाब्बास!" आणि खाली तिघींचे आकडे. लगेच लाल बदामांचा पाऊस पडला. दोरोथेआने तर तीन चुंबनं पाठवली. अर्ध्या तासाने पोलिक्सेनीचा एकच शब्द आला, "ठीक." त्याच दिवशी तिचे शहाऐंशी युरो स्तामाताच्या खात्यात जमा झाले.

"दाखव तो ग्रुप," आता एव्हान्थिया लुकियाला म्हणाली. "अगदी मागचं काढ."

लुकियाने बोटाने वर सरकवत ऑक्टोबर गाठला. पोलिक्सेनीच्या ओळीच्या बरोबर वर लुकियाचंच वाक्य होतं: "एकेकीने आपापला आकडा लिहा गं, चारात भागायचाय." स्क्रीनशॉटची कड नेमकी त्याच्याखाली कापली गेली होती.

एव्हान्थियाने ते वाक्य दोनदा वाचलं. "अगं, पण टेबलावर तुम्ही चौघी होतात ना? तिने जेवू घातलं नाही हे तुम्हाला कळलं नाही?"

"तिथे ती काही बोलली नव्हती खरी. पण तू लिहिलंस. आम्हाला वाटलं, तुला फोन करून सांगितलं असेल. तुझा हिशेब कधी चुकतो का?"

"आकडा लिहिलाय तिने, लुकिया! जेवू घालणारी बाई कधी आकडा सांगते का?" हे तिला तेव्हाच दिसायला हवं होतं. चौदाच्या जागी शहाऐंशी, म्हणजे बहात्तर युरो जादा. आणि पोलिक्सेनीला महिन्याला किती पेन्शन मिळतं हे व्होलोसमध्ये दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? पाचशे चाळीस. तो आकडा दर वसंतात एव्हान्थियाच स्वतःच्या हाताने भरत आली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ती बहात्तर युरो पाकिटात घालून गेली. पोलिक्सेनी बाल्कनीत बाकल्याच्या शेंगा सोलत बसली होती. तिने उठून खुर्ची दिली, कॉफी ठेवली, सगळं रीतसर. एव्हान्थियाने कॉफीला हात न लावता पाकीट टेबलावर ठेवलं.

"पोलिक्सेनी, मी चुकले. हे तुझे पैसे."

पोलिक्सेनीने पाकिटाकडे पाहिलंही नाही. "कसले पैसे? जेवण माझ्याकडून होतं. तिघींनी आभार मानलेत."

"नव्हतं तुझ्याकडून. मला माहीत आहे."

"आता माहीत झालं." तिने एक शेंग सोलली. "त्या दिवशी मी फोन हातात घेऊन बसले होते, अर्धा तास. काय लिहू? 'बायांनो, शाब्बासकी परत घ्या, मी तुम्हाला फुकट जेवू घातलेलं नाही'? असं लिहून गुरुवारी कुठल्या तोंडाने त्यांच्यासमोर बसायचं?"

"मी ग्रुपवर लिहिते, चूक माझी म्हणून."

"नको. मग मी दिलेलं जेवण परत मागणारी बाई होईन." तिने सालं बाजूला सारली. "त्या महिन्यात मी हीटर लावला नाही, त्याचं काही नाही गं. स्वेटर होता. मला वाटत होतं, तू फोन करशील. त्या तिघींना माझं काय माहीत? तुला पैन् पै माहीत होती."

एव्हान्थियाने हळूच विचारलं, "यंदाची फाइल? मुदत आहे अजून. उद्या येऊन घेऊन जाते."

"भरले कागद. बंदराजवळच्या ऑफिसात, पंचवीस युरो घेतले."

"पंचवीस? अगं, लुबाडलं तुला! मी फुकट—"

"पोरगी नवीन आहे, सारखी विचारते," पोलिक्सेनी म्हणाली. "हे बरोबर का, ते बरोबर का. कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं, तरी विचारते."

पाकीट टेबलावर तसंच राहिलं होतं. पोलिक्सेनीने ते उचलून एव्हान्थियाच्या पर्समध्ये ठेवलं, आणि मग दोघींनी मिळून उरलेल्या शेंगा सोलल्या.