फिर्यादीला जामीन लागत नाही

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणतात. ही म्हण ज्याने काढली तो नक्कीच कुणाला तरी मारून बसलेला असणार, असे माझे विशीपासूनचे मत आहे. आणि ते मत झाले त्याला कारण एक गलाईवाल्याची बहीण.

आमचे कुंभकोणमचे घर कोर्टापासून फार लांब नव्हते. वडील एका वकिलाकडे गुमास्ता होते. पूर्वज कधी काळी तंजावरच्या दरबारात कारकून होते म्हणे. त्या वैभवातले आमच्याकडे बोलणे तेवढे उरले होते. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. शाळा संपवून मी घरी बसले होते, म्हणजे मला बसवले होते. वाचायला पुस्तके नव्हती आणि भांडायला कुणी नव्हते, त्यामुळे दोन्ही गोष्टींची भूक अंगात साठलेली.

सोनारगल्लीत एक माणूस भट्टी चालवायचा. सोनारांच्या दुकानातली झाडलेली धूळ, मोडीचे सोने, चांदीची जुनी जर, हे सगळे गाळून शुद्ध धातू काढून द्यायचे, हा त्याचा गलाईचा धंदा. तो साताऱ्याकडचा. त्याच्या भागातली कितीतरी माणसे अशी गावोगाव भट्ट्या घेऊन पसरली होती. वडिलांशी त्याची ओळख भाषेपुरती. तो आमच्या बोलण्याला हसायचा. "गुमास्ते, तुमची मराठी ऐकली की वाटतं पोथी उघडली," असे म्हणायचा. मला त्याचा राग यायचा. त्याची मराठी ऐकून आमचे कुणी हसत नव्हते ना!

एका सकाळी तो दारात उभा राहिला, घामाघूम. मागे त्याची बहीण, तिच्या मागे आमच्या ओळखीचा कोर्टाकडचा पोलीस. पोलीस तमिळमध्ये म्हणाला, "यांच्या गावच्या कोर्टातून कागद आलाय. इथल्या मॅजिस्ट्रेटकडून माझ्याकडे आला. याला विचारतो, बहीण कुठे, तर म्हणतो इथे नाही. आणि ती आतून बाहेर येऊन म्हणते, मी आहे. मी कुणाचं ऐकू? मला लिपी येत नाही. तुमच्या भाषेतलं आहे, तुम्हीच बघा."

बहीण तिशीची असेल. विधवा. कपाळावर उजव्या बाजूला जुनी खोक, शिवलेली. ती दारातच बसली.

भाऊ वडिलांना म्हणाला, "गुमास्ते, हिला तंजावरला माझ्या साडूच्या भट्टीवर धाडतो. तुम्ही या शिपायाला सांगा, बाई गावाला गेली. कागद माघारी जाऊ दे."

"का हो?" वडील म्हणाले.

"का म्हंजे? सोनार माझ्या हातात सोनं देतात ते इमानावर. दारात पोलीस दिसला की उद्या कोण देईल? हिनं गावात असताना दिरावर काय तरी अर्ज केला व्हता. आता उलटलं. हिलाच धरायला आलेत."

गोष्ट थोडक्यात अशी होती. नवरा गेल्यावर दिराने तिला घराबाहेर काढले. ती निघेना, तेव्हा काठीने मारले. कपाळावरची खोक ती. तालुक्याला जाऊन तिने स्वतः मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार दिली आणि मग भावाकडे आली. पुढे काय झाले ते तिला ठाऊक नव्हते. कागद वाचणारे घरात कुणी नव्हते. भावाला अंक यायचे, अक्षर नाही. पोलिसाने आणला म्हणजे गुन्हेगाराचा, एवढेच दोघांना कळले होते.

वडिलांनी कागद माझ्यापुढे धरला. त्यांचे सगळे आयुष्य तमिळ आणि इंग्रजी कागदांत गेलेले. बाळबोध लिपी वाचायला त्यांना वेळ लागायचा. "वाच पाहूं," म्हणाले. पोलिसांच्या कागदात मुलींनी पडू नये असे एरवी तेच म्हणायचे.

मी मोठ्याने वाचले. वर "फौजदारी" असा शब्द, मग खटल्याचा नंबर, फिर्यादी म्हणून तिचे नाव, आरोपी म्हणून दिराचे. खाली लिहिले होते: "सदर खटला या कोर्टाकडे वर्ग झाला असून आरोपी हजर होऊन जामिनावर मुक्त आहे. फिर्यादीने नेमल्या तारखेस आपल्या साक्षीदारांसह जातीने हजर राहावे. कसूर केल्यास फिर्याद काढून टाकून आरोपीस दोषमुक्त करण्यात येईल."

"जामीन!" भाऊ ओरडला. "आलं का न्हाई? मी म्हनलो व्हतो. आता हिला जामीन कोन राहनार? मी न्हाई राहायचा."

गंमत अशी की पोलिसानेही मान डोलावली. "जामीन," तो म्हणाला. "आजर. पिरादु." तमिळ कोर्टातही हेच शब्द, थोडे इथल्या जिभेवर वळलेले. साताऱ्याकडच्या कागदातले निम्मे त्या तमिळ पोलिसाला कळत होते आणि जिच्यासाठी तो कागद होता तिला एक अक्षर कळत नव्हते. माझे डोके तिथेच फिरले. कुठल्या कोण्या बादशहाच्या कचेरीतले हे शब्द. तो गेला, पेशवे गेले, साहेब गेला, स्वराज्य आले, तरी बाईला न्याय मागायचा तर तो तिच्या चुलीपाशी कधीही न बोललेल्या भाषेतच मागायचा!

ती मात्र शांत होती. मला म्हणाली, "ताईसाब, माझं नाव कुठं हाय त्यात?"

मी दाखवले.

"त्याच्या म्होरं काय लिवलंय?"

"फिर्यादी."

"म्हंजी काय?"

मी वडिलांकडे पाहिले. वडील तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांच्या वकिलापुढेसुद्धा मी त्यांना असे बसलेले पाहिले नव्हते. "बाई," ते म्हणाले, "फिर्याद म्हणजे गाऱ्हाणें. हें फारसी बोलणें, जुन्या दरबाराचें. आमच्या तमिळांत पिरादु म्हणतात तें हेंच. जो गाऱ्हाणें घालतो तो फिर्यादी. तें तुम्ही घातलांत. म्हणून फिर्यादी तुम्ही."

"आन आरोपी?"

"ज्याजवरी गाऱ्हाणें तो. तुमचा दीर."

"मग जामीन कुनाला?"

"त्याला. ज्याजवरी खटला, त्याला कोर्ट म्हणतें, बोलावूं तेव्हां येशील याची हमी दे, कोणी तरी मागें उभा राहूं दे, मग घरीं जा. ती हमी म्हणजे जामीन. ती त्यानें दिली आणि सुटला. फिर्यादीला जामीन लागत नाही."

भाऊ मधे बोलला, "पन पोलीस आला की!"

"आला. कागद पोंचवायाला. तुमच्या कोर्टानें इथल्या कोर्टाकडे धाडला, तो यानें आणिला. धरायाला आला असता तर बाहेर उभा राहिला असता काय?"

पोलिसाला मी ते तमिळमध्ये सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, "सही घेतली की माझं काम झालं. नाही मिळाली तर 'बाई सापडली नाही' असं लिहून परत पाठवीन."

"आणि मग?" मी वडिलांना विचारले. मला माहीत होते. तिच्या कानावर पडावे म्हणून विचारले.

"शेवटची ओळ वाचलीस ना? कसूर म्हणजे चूक, न येणें. तारखेला ही गेली नाही तर मॅजिस्ट्रेट फिर्याद काढून टाकेल. तो सुटला. मारलें तें मारलें नाही असें झालें."

भाऊ कोपऱ्यात उभा होता. आता त्याचा आवाज खाली आला. "बाई, ऐक माझं. तिथं वकील काय काय इचारतील. चार लोकांत तुझी अब्रू जाईल. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हनतात."

माझी जीभ मला कधीच आवरली नाही. मी म्हणाले, "मग पायरी काय मारणाऱ्यांसाठीच बांधलीय?" वडिलांनी डोळे वटारले. पण बहीण माझ्याकडे बघत नव्हतीच. ती भावाकडे बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "त्यो जामिनावर हाय आन मी मोकळी. आसंच लिवलंय ना?"

"व्हय, पन..."

"मग तंजावरला जाऊन लपायचं कुनी?"

तिने पोलिसापुढे अंगठा केला. माझ्या दौतीतली शाई घेतली, दुसऱ्या प्रतीवर अंगठा दाबला, आणि पदराला न पुसता तसाच वर धरून ती रस्त्याने सोनारगल्लीतून घरी गेली. सोनारांनी पाहिले. पाहू दे, असा तिचा चेहरा होता. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी घरात कुणाशी भांडले नाही.

तारखेसाठी गावी जाण्याआधी रोज दुपारी ती आमच्याकडे यायची. उलटतपासणी म्हणजे काय, साक्षीदार कोण चालतो, शपथ कशी घेतात, वडील सांगत. तिला पाठांतर नको होते. ती प्रत्येक शब्दाला अडवायची. "तुम्ही सांगता ते ठीक, पन ह्याचा मला तोटा काय?" हा तिचा ठरलेला प्रश्न. वडील संध्याकाळी मला म्हणाले, "आमच्या वकिलाला अशी अशील मिळाली तर तो धंदा सोडील." ते खुशीत होते.

भाऊ भट्टी विझवून तिच्याबरोबर गेला. नाही म्हणता म्हणता गेला, हे त्याच्या पदरात टाकायलाच हवे. आला तो एकटा; बहीण गावीच राहिली होती. तो आमच्याकडे येऊन बसला आणि पहिल्यांदाच आमच्या मराठीला न हसता बोलला.

कोर्टात पुकारा झाला म्हणे. फिर्यादी हजर आहे का, असे विचारताच ही बाई साक्षीच्या पिंजऱ्याकडे चालू लागली. शेजारणीनेही साक्ष दिली. मग दिराचा वकील हळूच भावाला म्हणाला, तडजोड करा, खटला मिटल्याचा राजीनामा लिहून द्या, दोघांचेही बरे होईल. भाऊ तयार होता. बहिणीने मात्र भर कोर्टात हात जोडून मॅजिस्ट्रेटलाच विचारले, "सायेब, राजीनामा दिला तर त्यो सुटतो का?" मॅजिस्ट्रेट म्हणाले, सुटतो. "मग न्हाई देत," ती म्हणाली आणि पुन्हा पिंजऱ्यात नीट उभी राहिली.

"शिक्षा झाली?" वडिलांनी विचारले.

"झाली. दंड, आन कोर्ट उठेपर्यंत कैद."

कोर्ट उठेपर्यंत म्हणजे संध्याकाळपर्यंत एका बाकावर बसून राहायचे. फुटलेल्या कपाळाला एवढेच. मला रडू आले, रागाने.

भाऊ पुढे म्हणाला, "म्या हिला म्हनलं, झालं आता, चल, येष्टी चुकंल. तर ही काय करती? त्याच्या बाकासमोर भुईवर बसली. दीस मावळाया लागला. त्यो मान खाली घालून, आन ही टक लावून बघत. शिपाई म्हनला, बाई, जावा आता घरी. तर म्हनली, त्याची शिक्षा हाय न्हवं कोर्ट उठेपर्यंत? मग उठू द्या की कोर्ट."