ड्राफ्टचं कमिशन वाचवलं

आमच्या ह्यांना क्रेडिट कार्ड मिळालं तेव्हा रत्नागिरीत ते घेणारं दुकान सापडत नव्हतं. पण हे औषध कंपनीत, महिन्यातले पंधरा दिवस कोल्हापूर-सांगलीकडे फिरती. हॉटेलची बिलं कार्डावर भागायची, कंपनीचे पैसे मागाहून यायचे. मी एकच अट घातली, बिल आलं की मुदतीच्या आत पूर्ण भरायचं. खाली किमान रक्कम छापलेली असते, तेवढीच भरली तर उरलेल्यावर व्याज लागतं. पूर्ण भरलं तर एक पैसा नाही. बारीक अक्षरातला तो कागद मी दोनदा वाचला होता.

पहिलं बिल आलं. "मुंबईला पाठवायचंय, बँकेतून ड्राफ्ट काढूया," हे म्हणाले.

"जळलं मेलं ते कमिशन! घरात चेकबुक कशाला आहे?" मी चेक लिहिला, ह्यांनी सही केली आणि स्टँडवर जाताना पोस्टाच्या पेटीत टाकायला नेला. मुदतीला आठ दिवस होते.

पुढचं बिल उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. मागची सगळी बाकी तशीच, वर व्याज, वर उशिराचा दंड. नव्या हॉटेलबिलांवरही पहिल्या दिवसापासून व्याज!

"तुम्ही चेक टाकलाच नाहीत!"

"टाकला गं."

"मग काय पोस्टमनने खाल्ला? विसरलात तर विसरलो म्हणा. खोटं कशाला बोलता?"

ह्यांनी फिरतीची बॅग भरायला घेतली. त्याचा मला जास्तच राग आला. मी कार्ड मागून घेतलं आणि कपाटात कुलूपबंद केलं. त्या फिरतीला ह्यांनी एका सहकाऱ्याकडून उसने पैसे घेतले. दहा दिवस मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलले, आणि मनातून ह्यांना खोटारडं ठरवून मोकळी झाले.

मग पासबुक भरून घ्यायला बँकेत गेले. चेकची रक्कम पूर्ण वळती झाली होती, पण मुदत उलटून, ते दुसरं बिलही निघून गेल्यावर.

"वहिनी, मुंबईला हा बाहेरगावचा चेक," काउंटरवरचे क्लार्क म्हणाले. "तो तिथून वसुलीला इथे येतो, इथून पैसे तिकडे जातात, मग जमा. पोस्टात कधी टाकलात ते कोण बघतो? मुंबईतच वटणारा ड्राफ्ट पाठवला असता तर वेळेत झालं असतं."

मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. कमिशनचे चार पैसे वाचवायला गेले आणि त्याच्या कितीतरी पट दंड भरला, तोही माझ्याच हट्टाने.

संध्याकाळी हे आले. बूट काढायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं.

"टाकला म्हणून सांगितलं होतं," एवढंच म्हणाले, आणि हातपाय धुवायला मागे गेले. आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.